पटाचा व्हिडिओ दुसऱ्याच्या चॅनेलवर दिसला तर: पुराव्यापासून तक्रारीपर्यंत

शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा, हंगाम लागला की भंडारा-गोंदियापासून यवतमाळपर्यंत गावोगावच्या पोरांचे यूट्यूब चॅनेल जागे होतात. कोणी जोड्यांचे सेकंद टाकतो, कोणी जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याची मुलाखत घेतो, कोणी सगळा पट एका व्हिडिओत बसवतो. दोन-तीन दिवस गेले की तोच व्हिडिओ नाव बदलून, लोगो कापून भलत्याच चॅनेलवर दिसतो. मग पोरं त्या व्हिडिओखाली जाऊन शिव्या लिहितात. त्याने समोरच्याच्या कमेंट वाढतात आणि तो सावध होतो, एवढंच घडतं. व्हिडिओ हटवण्यासाठी यूट्यूबचा एक ठरलेला रस्ता आहे. फॉर्म भरायला पाव तास पुरतो. खरा कस लागतो तो फॉर्मच्या आधीच्या तयारीत आणि समोरचा उलटला तर त्यानंतर.

एक उदाहरण धरून चालू. समजा, तुमचं चॅनेल साकोली तालुक्यातल्या एका गावचं आहे. १२ जानेवारीला तुम्ही दिवसभर पटावर उभं राहून मोबाईलवर शूटिंग केलं. रात्री मोबाईलवरच १४ मिनिटांचा व्हिडिओ जुळवला, जोड्यांची नावं आणि सेकंद स्वतःच्या आवाजात सांगितले आणि १३ तारखेला सकाळी टाकला. १५ तारखेला मित्राने लिंक पाठवली, "अबे, हा तर तुझाच व्हिडिओ आहे ना?" उघडून पाहिलं तर ११ मिनिटांचा व्हिडिओ, कडा कापून मोठा केलेला, तुमचा लोगो गायब, तुमच्या आवाजाच्या जागी गाणं. खाली ओळ: "सर्व हक्क मूळ मालकाचे." या ओळीला काही अर्थ नाही. श्रेय दिलं किंवा भंगाचा हेतू नाही असं लिहिलं, म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

आधी त्याची नक्कल जपून ठेवा

सगळ्यात पहिलं काम म्हणजे समोरच्याला काहीही न कळवता त्याच्या व्हिडिओची नोंद घेणं. तुम्ही बोलल्यावर तो व्हिडिओ खासगी करू शकतो, कापून परत टाकू शकतो, चॅनेलचं नाव बदलू शकतो. नंतर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

व्हिडिओची लिंक कॉपी करून ठेवा. पान असं उघडा की शीर्षक, चॅनेलचं नाव, व्ह्यूज आणि टाकल्याची तारीख एकत्र दिसेल, आणि स्क्रीनशॉट घ्या. शक्यतो कॉम्प्युटरवर घ्या, म्हणजे वरच्या पट्टीतली लिंकही त्यात येते. शेजारी तुमचा व्हिडिओ चालवत दोन-तीन मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर उत्तम.

चॅनेलची ओळख घेताना नवखे लोक एक गोष्ट सोडतात. चॅनेलचं नाव बदलता येतं, @ लावलेलं हँडलही बदलता येतं. पण प्रत्येक चॅनेलला UC ने सुरू होणारा एक लांबलचक आयडी असतो, तो बदलत नाही. कॉम्प्युटरवर त्याच्या चॅनेलच्या माहितीत जाऊन Share channel दाबलं की Copy channel ID हा पर्याय येतो. तोही लिहून ठेवा. उद्या हाच माणूस नव्या नावाने दिसला तर ओळखता येईल.

मग दोन्ही व्हिडिओंतले जुळणारे क्षण कागदावर मांडा. तुमच्या व्हिडिओत ३ मिनिटं १२ सेकंदांवर एक कुत्रं पटात शिरतं आणि तुमचा कॅमेरा हलतो; त्याच्या व्हिडिओत तेच २ मिनिटं ५ सेकंदांवर. तुमच्या ९ मिनिटं ४० सेकंदांवर तुमची सावली मातीवर पडते. त्याच्याकडे तीच सावली, फक्त खालचा भाग कापलेला. असे चार-पाच क्षण पुरतात. जोडी पळाली हा पुरावा होत नाही, कारण ती हजार लोकांनी पाहिली. तुमचा कॅमेरा हलला, तुमची सावली पडली, तुमचं बोट लेन्सवर आलं, हे मात्र दुसऱ्या कोणाच्या शूटिंगमध्ये येऊ शकत नाही.

हा व्हिडिओ खरंच तुमचा आहे का

हा प्रश्न ऐकून लोक चिडतात. "मीच तर काढला ना बाप्पा!" पण काढणारा आणि मालक नेहमी एकच असतो असं नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक घोळ इथेच होतात.

सोपी बाजू आधी. पट हा काही कोणाच्या मालकीचा मजकूर नाही. त्याच मैदानात तुमच्या शेजारी उभं राहून दुसऱ्याने त्याच जोडीचं शूटिंग केलं असेल, तर ते त्याचं आहे. तुमच्यासारखंच शीर्षक दिलं तरी. तुमचा हक्क तुम्ही टिपलेल्या चित्रावर आहे, घडलेल्या प्रसंगावर नाही. म्हणून वरचे सावली-कुत्र्याचे क्षण शोधणं आधी. ते सापडले नाहीत तर थांबा, कदाचित तो शेजारचाच माणूस असेल.

आता अवघड बाजू. पट भरवणाऱ्या मंडळाने तुम्हाला पाच हजार रुपये देऊन शूटिंगला बोलावलं होतं का? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्रफीत बनवली आणि वेगळा करार केला नसेल, तर तिचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे ती मंडळाची. लग्नाच्या शूटिंगलाही हाच नियम, आणि एखाद्या नाटक कंपनीने पैसे देऊन प्रयोग टिपायला लावला तरी हाच. अशा वेळी यूट्यूबवर "मी मालक" म्हणून तक्रार करणं खोटं ठरू शकतं. उपाय साधा आहे: पैसे घेताना पावतीवरच लिहून घ्यायचं की चित्रणाचे हक्क चॅनेलकडे राहतील आणि मंडळाला एक प्रत मिळेल. दोघांच्या सह्या. मंडळाचे लोक सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यांना पेनड्राइव्हशी मतलब असतो.

दुसरा घोळ मित्राचा. तुम्ही निवेदन करत होता आणि धुरकऱ्याजवळून पळत शूटिंग मित्राने त्याच्या मोबाईलवर केलं. पुढे मैत्रीत फाटलं की तो म्हणतो, "शूटिंग माझं आहे, मी कोणालाही देईन." हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी असावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून साध्या कागदावर एवढं लिहा: कोणत्या तारखेचं, कोणत्या गावचं चित्रण, त्याचे सर्व हक्क अमुक चॅनेलच्या मालकाला, संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी दिले. ठरला असेल तर मोबदलाही लिहा. खाली सही, तारीख. ड्रोनवाला भाड्याने आणला असेल तर त्याच्याकडूनही असाच कागद घ्या.

तिसरी गोष्ट आवाजाची. पटावर भोंग्यावर सिनेमाची गाणी चालू असतात, नाटकात लेखकाची संहिता आणि संगीतकाराच्या चाली असतात. ते तुमचं नाही. तक्रारीत तुम्ही फक्त तुमच्या चित्रावर आणि तुमच्या आवाजावर हक्क सांगायचा. झाडीपट्टीच्या नाटकाचं तर मी स्पष्टच सांगतो: कंपनीची परवानगी न घेता मागच्या रांगेतून चोरून टिपलेला प्रयोग दुसऱ्याने उचलला म्हणून ओरडायला जाऊ नका. तक्रार केलीत आणि कंपनी जागी झाली तर आधी तुमचाच व्हिडिओ जाईल.

शेवटी स्वतःच्या चॅनेलवरचं एक बटण तपासा. व्हिडिओच्या तपशिलात License नावाचा पर्याय असतो. तिथे Creative Commons निवडलं गेलं असेल, तर श्रेय देऊन तो व्हिडिओ वापरण्याची परवानगी तुम्हीच सगळ्यांना दिली आहे. Standard YouTube License असायला हवं. त्याच पानावर शॉर्ट्स रिमिक्सची परवानगीही बदलता येते. यूट्यूबच्याच रिमिक्स बटणाने कोणी तुमच्या व्हिडिओतून शॉर्ट बनवला असेल, तर तो पळवलेला नाही, त्यावर तुमच्या व्हिडिओची लिंक असते. नको असेल तर ते बटण बंद करा, तक्रार करू नका.

आणि थोडक्यात वापर? बातमी देणाऱ्या चॅनेलने पटाची बातमी सांगताना तुमची आठ सेकंदं दाखवली, किंवा कोणी तुमच्या व्हिडिओवर टीका करताना तुकडा दाखवला, तर कलम ५२ खाली तो योग्य वापर ठरू शकतो. आपल्या उदाहरणात तसं काही नाही. ११ मिनिटं जशीच्या तशी आहेत.

मालकीचा पुरावा कशाला म्हणायचं

कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही. जमीन तुमची हे सांगायला सातबारा लागतो, तसं इथे नसतं. व्हिडिओ तयार झाला त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी करायचीच असेल तर copyright.gov.in वर करता येते. चित्रफितीसाठी शुल्क ५,००० रुपये आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. प्रत्येक पटाच्या व्हिडिओसाठी हा खर्च करणं मला शहाणपणाचं वाटत नाही. वर्षानुवर्षं चालेल असा माहितीपट असेल तर वेगळी गोष्ट.

मग पुरावा कोणता? सगळ्यात भारी पुरावा म्हणजे मोबाईलमधली मूळ फाईल, म्हणजे न कापलेलं शूटिंग. चोराकडे ११ मिनिटं आहेत. तुमच्याकडे त्या दिवसाचं दोन तासांचं शूटिंग आहे, त्यात जे यूट्यूबवर कधी गेलंच नाही तेही आहे: जोडी सुटायच्या आधीची पाच मिनिटं, कॅमेरा चालू राहून खिशात गेलेला भाग. हे दुसऱ्या कोणाकडे असूच शकत नाही. म्हणून व्हिडिओ जुळवून झाल्यावर जागा मोकळी करायला मूळ फायली उडवण्याची सवय सोडा. मोबाईल भरला तर जुन्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर टाका.

इथे व्हॉट्सॲप घात करतं. व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाईल दाबून लहान होते, नाव बदलतं आणि आतली कॅमेऱ्याची माहिती जाते. नावात WA दिसलं की समजा, ती मूळ फाईल नाही. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. गूगल फोटोजमध्येही जागा वाचवणारा पर्याय चालू असेल तर वर गेलेली प्रत मूळ राहत नाही.

फाईलची तारीख बदलता येते, हे समोरचा वकीलही जाणतो. त्यावर एक स्वस्त उपाय आहे. तालुक्याच्या इंटरनेट कॅफेत किंवा घरच्या विंडोज लॅपटॉपवर मूळ फाईलचा हॅश काढून ठेवा. हॅश म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा. फाईलमध्ये एक कण बदलला तरी तो बदलतो. फाईल असलेल्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करायचं:

```
certutil -hashfile VID_20250112_113045.mp4 SHA256
```

फाईलचं नाव अर्थातच तुमचं. जे उत्तर येईल ते फाईलच्या नावासह त्याच दिवशी स्वतःला ईमेल करा. ईमेलच्या तारखेमुळे ती फाईल त्या दिवशी अस्तित्वात होती, हे पुढे दाखवता येतं. कोर्टाची वेळ आली तर याचा आणखी एक उपयोग आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागाच आहे.

याशिवाय एडिटिंग ॲपमधला तो प्रोजेक्ट उडवू नका, त्यात कुठून काय कापलं ते दिसतं. यूट्यूबवर तुमचा व्हिडिओ प्रसिद्ध झाल्याची तारीख हाही पुरावा आहे, कारण ती मागे नेता येत नाही. समोरचा कधीकधी "रेकॉर्डिंगची तारीख" दाखवून तुमच्या आधीची असल्याचं भासवतो. ती तारीख माणूस हाताने भरतो, तिला महत्त्व देऊ नका. प्रसिद्धीची तारीख बघा: तुमची १३ जानेवारी, त्याची १५.

हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरला गाव-तारखेचं नाव द्या. हंगामात चार-पाच पट झाले की कोणती फाईल कुठली, हे आठवत नाही.

तक्रार नोंदवताना

कॉम्प्युटरवर studio.youtube.com उघडा. कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलच्या क्रोममध्ये Desktop site चालू करून भागतं, फक्त अक्षरं बारीक दिसतात. डावीकडे Copyright आणि मग New removal request दाबा.

आधी व्हिडिओ जोडायचा. चॅनेलची लिंक चालत नाही, ज्या व्हिडिओबद्दल तक्रार आहे त्याचीच लिंक लागते. त्याने तुमचे तीन उचलले असतील तर तिन्हींच्या लिंका वेगवेगळ्या जोडा. मग तुमचं मूळ काम कोणतं ते विचारतात. तुमचा व्हिडिओ यूट्यूबवरच आहे, तर त्याची लिंक द्या. नक्कल पूर्ण व्हिडिओत आहे की काही भागात, हेही विचारतात. पूर्ण ११ मिनिटं तुमचीच असतील तर पूर्ण लिहा. मध्ये दोन मिनिटं त्याचं स्वतःचं काही असेल तर फक्त तुमच्या भागाची वेळ लिहा, कुठून कुठपर्यंत. इथे ओढाताण करू नका, नंतर हाच मुद्दा तुमच्यावर उलटतो.

पुढे तुमची माहिती: नाव, पत्ता, फोन, ईमेल. इथे जरा थांबून विचार करा. हक्कदार म्हणून जे नाव लिहाल ते हटवलेल्या व्हिडिओच्या जागी सगळ्यांना दिसू शकतं, आणि संपर्काचा ईमेल समोरच्याला कळतो. म्हणून चॅनेलसाठी वेगळा ईमेल ठेवा, बँकेचा किंवा आधारला जोडलेला नको. गावातल्या मुली चॅनेल चालवतात त्यांना मी हे आवर्जून सांगतो. मात्र सहीच्या जागी कायदेशीर पूर्ण नावच टाकायचं असतं. 'पटवाला भाऊ' असं टाकलं तर तक्रार अडते.

खाली दोन निर्णय घ्यायचे असतात. पहिला, लगेच हटवायचं की सात दिवसांची सूचना द्यायची. सूचना दिली तर समोरच्याला सात दिवस मिळतात. त्यात त्याने स्वतःच व्हिडिओ काढला तर त्याला स्ट्राइक बसत नाही. लगेच निवडलं आणि तक्रार मान्य झाली तर व्हिडिओ जातो आणि स्ट्राइक बसतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. माझं मत असं: शेजारच्या गावच्या, नववी-दहावीतल्या पोराने उत्साहात उचललं असेल तर सात दिवस द्या. पण लोगो कापून, आवाज पुसून, पैसे कमावण्यासाठी उचलणाऱ्याला सात दिवस देण्यात अर्थ नाही, कारण पटाच्या व्हिडिओला जे पाहणारे मिळायचे ते पहिल्या आठवड्यातच मिळतात. सात दिवसांनी रिकामं मैदान हाती येतं. आपल्या उदाहरणात मी लगेच निवडलं असतं.

दुसरा निर्णय, याच व्हिडिओच्या प्रती पुन्हा येऊ नयेत म्हणून यूट्यूबने प्रयत्न करावा का. ती खूण करा. पण तिच्यावर विसंबू नका: उलटा केलेला, वेग बदललेला किंवा खूप कापलेला व्हिडिओ यंत्रणेच्या नजरेतून सुटतो. मधूनमधून स्वतः गावाचं नाव, जोडीचं नाव टाकून शोधत राहावं लागतं.

शेवटी कायदेशीर विधानांवर खुणा, सही आणि पाठवा. ती विधानं वाचून खूण करा. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर तुमचंच खातं बंद होऊ शकतं आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही येऊ शकते. प्रतिस्पर्धी चॅनेलला पाडायला हे हत्यार वापरणारे आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

पाठवल्यावर ईमेल बघत राहा. यूट्यूबला शंका आली तर ते आणखी माहिती मागतात, आणि उत्तर त्याच ईमेलला द्यायचं असतं, नवा फॉर्म भरायचा नाही. इथे तुमचा कागद कामी येतो. लांबलचक दुःख लिहू नका. सोप्या भाषेत एवढं पुरे: "हा व्हिडिओ मी स्वतः १२ जानेवारी रोजी माझ्या मोबाईलवर चित्रित केला. माझ्या व्हिडिओतील ३:१२ आणि त्यांच्या व्हिडिओतील २:०५ सारखे आहेत; माझ्याकडे न कापलेली मूळ फाईल आहे." इंग्रजीत लिहिता आलं तर बरं, नाहीतर गावातल्या मास्तरांकडून लिहून घ्या.

तक्रार मान्य झाली की आणखी एक फायदा होऊ शकतो. Copyright च्या त्याच पानावर जुळणारे व्हिडिओ यंत्रणा स्वतः शोधून दाखवते. पार्टनर प्रोग्रॅममधल्या चॅनेलांना ही सोय असते, आणि बाकीच्यांनाही वैध तक्रार झाल्यावर मिळू शकते. पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण नक्कल ती पकडते. पण मूळ व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्यात आधी तुम्ही टाकलेला असावा लागतो. त्यामुळे आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगल्या दर्जाचा पूर्ण व्हिडिओ वाटायचा आणि दोन दिवसांनी यूट्यूबवर टाकायचा, ही पद्धत सोडलेली बरी. कोणी ग्रुपवरून घेऊन तुमच्या आधी टाकला की मालक तोच दिसतो.

समोरचा उलटला तर

व्हिडिओ हटल्यावर त्याच्याकडे एक मार्ग असतो: प्रतिसूचना. त्यात तो स्वतःचं नाव-पत्ता देऊन म्हणतो की व्हिडिओ चुकून किंवा गैरसमजातून हटवला गेला. यूट्यूब ती तुम्हाला पाठवतं. त्यानंतर तुमच्याकडे अमेरिकेतले कामाचे दहा दिवस असतात. शनिवार, रविवार आणि तिथल्या सरकारी सुट्ट्या मोजायच्या नाहीत, म्हणजे आपले साधारण दोन आठवडे. या मुदतीत तुम्ही कोर्टात दावा दाखल केल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो.

नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे फुटतो. ते या टप्प्यावर मूळ फाईल, स्क्रीनशॉट, हॅश सगळं यूट्यूबला पाठवत बसतात. यूट्यूब मालक कोण हे ठरवत नाही, ते काम कोर्टाचं. या टप्प्यावर ते दाव्याचा कागद मागतात.

बरेच चोर प्रतिसूचना देतच नाहीत, कारण त्यात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो. दिलीच, तर हिशेब करा. पटाच्या व्हिडिओतून दोन हजार रुपये येणार असतील तर दाव्याचा खटाटोप परवडत नाही. तेव्हा व्हिडिओ परत आला तर येऊ द्या आणि त्याच्या पुढच्या चोरीची नोंद ठेवा. पण तोच माणूस तुमचं सगळं चॅनेल उचलत असेल तर दाव्याचा विचार करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. म्हणजे तो पुण्याचा असो की पाटण्याचा, दावा भंडाऱ्यात. वकिलाची फी जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा, १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरलेल्या मर्यादेखालच्या उत्पन्नाचे लोक मोफत वकिलासाठी पात्र असतात. त्या फोल्डरची खरी गरज या वेळी लागते.

उलटही होतं: चोरच तुमच्या मूळ व्हिडिओवर तक्रार करतो आणि स्ट्राइक तुम्हाला बसतो. तेव्हा प्रतिसूचना तुम्ही द्यायची आणि दहा दिवसांचं घड्याळ त्याच्यावर चालतं. घाबरून व्हिडिओ डिलीट करू नका. डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही.

फेसबुक, इन्स्टा आणि तडजोड

यूट्यूबची तक्रार फेसबुकवर चालत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पोस्टच्या तीन टिंबांतून रिपोर्ट करून बौद्धिक संपदेचा पर्याय निवडावा लागतो आणि तिथला कॉपीराइटचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. तयारी तीच, लिंका तिथल्या. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डच्या मागे लागण्यात मी वेळ घालवत नाही. त्याऐवजी लोगो कोपऱ्यात न ठेवता मैदानाच्या मधोमध, फिकट आणि हलता ठेवतो, म्हणजे कापायला गेलं की जोडीही कापली जाते.

बऱ्याचदा गोष्ट फोनवर येऊन थांबते. तीन-चार दिवसांत समोरच्याचा निरोप येतो, "दादा, चुकलं, स्ट्राइक काढा, चॅनेल जाते माझं." काढायचा की नाही, हा तुमचा प्रश्न. काढायचा असेल तर क्रम पाळा. तक्रार मागे घेतली की त्याचा व्हिडिओ परत दिसू लागू शकतो. म्हणून आधी त्याला तो व्हिडिओ आणि तुमचे बाकीचे उचललेले व्हिडिओ कायमचे डिलीट करायला लावा, तसा स्क्रीनशॉट मागा, आणि "पुन्हा असं करणार नाही" हे फोनवर न घेता ईमेलवर लेखी घ्या. त्याने उचललेल्या लिंका एकेक उघडून व्हिडिओ खरंच गेले का बघा. त्यानंतरच Copyright च्या पानावर Removal requests मध्ये जाऊन ती तक्रार मागे घ्या. त्याचा चॅनेल आयडी आणि ईमेल मात्र फोल्डरमधून काढू नका.